रिटर्नपुढे मोडलेली ओळ

पट्टीकाकांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, पण ते बघायला कुणी हजेरीपत्रक उघडत नसे. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसांची ती कंपनी होती. लहान दवाखान्यांना आणि तपासणी केंद्रांना लागणारे प्रोग्राम तिथे तयार होत. त्या चौदा जणांत काका सगळ्यांत जुने. कंपनी मालकांच्याही आधी काकांनीच सुरू केली असावी, असा नव्या लोकांचा समज होई आणि तो खोडून काढायच्या भानगडीत काका पडत नसत. नाव पडलं ते त्यांच्या टेबलावरच्या फूटभर लांब स्टीलच्या पट्टीवरून. प्रोग्राम कागदावर छापायचा, पहिल्या ओळीखाली पट्टी धरायची, ओळ वाचून झाली की पट्टी एक ओळ खाली सरकवायची. बाकीचे सगळे पडद्यावर वाचत आणि काकांच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघून डोळे मिचकावत. काकांना ते दिसे. पण दिसलेलं न दिसल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

काकांना वाकडं म्हणून काही खपत नसे. जिन्यातली ‘थुंकू नये’ची पाटी एका बाजूला कलली तर ते हातातला डबा खाली ठेवून ती सरळ करत. घरी दाराशी चपला जोडीने, भिंतीला समांतर. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे. काकू बिचारी मीठ उजव्या हाताला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ उंचीने बसत नाही म्हणून खिडकीशी गेलेलं असायचं. “अहो, तुम्ही आवरलंत की मला काहीच सापडत नाही,” असं ती लग्नापासून म्हणत आली होती. काका त्याला कौतुक समजत.

हीच शिस्त त्यांनी ऑफिसात लावली होती. त्यांनी स्वतः लिहिलेली अकरा पानांची नियमावली प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळे, आणि तिच्यातला नियम पहिला असा होता: महिरपी कंस उघडेल तो स्वतंत्र ओळीवर उघडेल आणि मिटेल तो बरोबर त्याच्या खाली मिटेल. ओळीच्या शेवटी लोंबकळणारा कंस काकांना शर्टाचं बटण तुटून धाग्यावर लटकावं तसा वाटे. ज्या जुन्या भाषेत कंपनीचे प्रोग्राम लिहिलेले होते, तिथे या नियमाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या भाषेला ओळ कुठे मोडली याच्याशी देणंघेणं नसतं. वाक्य कुठे संपतं ते ती अर्धविरामावरून ओळखते. मध्ये तुम्ही दहा ओळी सोडा नाहीतर सगळं एका ओळीत कोंबा. “मोकळ्या जागेने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही,” हे काकांचं आवडतं वाक्य. ते वर्षातून दहा-बारा वेळा तरी कानावर पडे.

आता काकांचं हे सरळ करणं इतकं अखंड चालायचं, की दुसऱ्यांनी केलेले खरे बदल त्यात हरवून जात. कालच्या आणि आजच्या फायलीत काय फरक पडला हे बघायला गेलं की काकांनी सरळ केलेल्या दोनशे ओळी आधी डोळ्यांत भरत. कुरकुर वाढली. तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, काकांनी त्यावर स्वतःच तोड काढली. त्यांनी दोन फायली शेजारी शेजारी दाखवणारी एक खिडकी बनवली. ती दोन्हींतल्या सगळ्या मोकळ्या जागा आणि सगळ्या ओळतोडी आधी काढून टाकायची आणि मग उरलेली अक्षरं जुळवायची. अक्षरं तीच असली तर खाली हिरव्या पट्टीवर लिहून यायचं: ‘बदल शून्य’. कुरकुर थांबली. काका कितीही आवरोत, आता कुणाला दिसणारच नव्हतं. मालकांनी तेव्हा सगळ्यांसमोर काकांचं अभिनंदन केलं होतं, आणि ते अभिनंदन काकांनी अजून जपून ठेवलं होतं.

मार्चमध्ये एक प्रोग्रामर दुसरीकडे गेला आणि त्याचं काम काकांच्या गळ्यात पडलं. काम एका तपासणी केंद्राचे पडदे आणि रुग्णांना द्यायच्या सूचनांच्या चिठ्ठ्या यांचं, आणि ते जावास्क्रिप्ट या दुसऱ्याच भाषेत. काकांनी जावास्क्रिप्टला आजवर लांबूनच नमस्कार केला होता. त्यांनी फायली उघडल्या. एकूण एक कंस ओळीच्या शेवटी लोंबत होता. “हा पोरगा माणसांत राहिलेला दिसत नाही,” ते पुटपुटले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि आठवडाभरात एक्केचाळीस फायली नियम पहिला प्रमाणे सरळ करून टाकल्या. हा आठवडा फार सुखाचा गेला असं त्यांनी काकूला सांगितलंही.

सोमवारी संध्याकाळी फायली केंद्राच्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. चढवण्याआधी त्या तपासायचं काम चाळणीचं. चाळणी म्हणजे कंपनीची तपासनीस. तिच्या हातून चूक सुटत नाही म्हणून पहिल्याच महिन्यात तिचं हे नाव पडलं. आधी ती शाळेत गणित शिकवायची. इथे ती सहा महिन्यांच्या अजमावणीवर होती, ते सहा महिने याच शुक्रवारी संपत होते, आणि कायम करायचं की निरोप द्यायचा ते मालक शुक्रवारी चार वाजता सांगणार होते. घरी ती आणि तिची आई, दोघीच. कायम झाल्याशिवाय घरमालक नवा करार करायला तयार नव्हता, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

“काका, तपासायला घेऊ का?” तिने विचारलं. “दहा चिठ्ठ्या छापून बघायच्या म्हणजे दोन तास तरी जातील.”

“आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय ना तुला?”

“हो, पण...”

“अगं, मी फक्त ओळी सरळ केल्यात. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ही बघ खिडकी.” हिरव्या पट्टीवर आलं होतं ‘बदल शून्य’. “शून्यात काय तपासणार तू? मोकळ्या जागेने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. सही कर आणि जा.”

तिने क्षणभर पडद्याकडे बघितलं, ‘तपासलं’ या रकान्यात सही केली आणि गेली. आपण एका लेकीला वेळेवर घरी पाठवलं, याचं काकांना बसमध्ये बसल्यावरही बरं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी अकराला तपासणी केंद्राच्या प्रमुख बाईंचा फोन आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा मोठ्याने लावला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“अहो, तीन दिवस झाले, माणसं पोटभर खाऊन येतायत!” बाई कडाडल्या. “उपाशीपोटी साखर तपासायची आणि समोरचा ढेकर देतोय! चिठ्ठीवर ‘आठ तास काही खाऊ नये’ हे छापूनच येत नाहीये. पोटाच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन या, तेही नाही. बासष्ट जणांना परत पाठवलंय मी. त्यात एक आजोबा दोन बस बदलून आले होते. त्यांना काय सांगू, कॉम्प्युटर विसरला?”

फोन बंद झाला. मालक वाईट माणूस नव्हते, पण वाईट बातमी आली की ती कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी तुलनेची खिडकी उघडली. सोमवारच्या आधीच्या फायली आणि नंतरच्या फायली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. सगळ्यांखाली हिरवी पट्टी, सगळीकडे ‘बदल शून्य’.

“म्हणजे प्रोग्राम तोच आहे,” मालक म्हणाले. “मग चढवताना काहीतरी बिनसलं. आणि चढवल्यावर सूचना छापल्या जातायत की नाही हे बघणं कुणाचं काम होतं?”

बघायची गरज नव्हती तरी सगळ्यांनी चाळणीकडे बघितलं. “माझं,” ती म्हणाली. “मी सोमवारी तपासलं नाही.”

“आणि सही?”

“केली.”

काकांना वाटलं, असं का झालं ते ती सांगेल. तिने सांगितलं नाही. तिला वाटत होतं, शून्य बदलाचा काकांशी काय संबंध? चूक तर तिच्याच सहीखाली झाली होती. मालक म्हणाले, “उद्या चारला बोलू.” आणि केबिनमध्ये गेले. काकांनी पट्टी उचलली, कागद घेतले आणि शोधायला बसले. आपल्या फायलींत चूक नाही याची त्यांना खात्री होती. पोरीला मदत करावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

सूचना छापणारी फाइल लहान होती, जेमतेम चार पानं. चिठ्ठी छापणारा भाग एका छोट्या फंक्शनला, म्हणजे विचारलं की उत्तर परत देणाऱ्या तुकड्याला, विचारायचा: या तपासणीला काही सूचना आहे का? असेल तर ती चिठ्ठीच्या तळाशी यायची, हाती काही आलं नाही तर जागा कोरी राहायची. कारण कित्येक तपासण्यांना सूचना नसतेच. मुळात त्या फंक्शनचं काम एवढंच, की सूचना कंसात घालून परत द्यायची. काकांनी पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली. वाचलं. सरकवली. वाचलं. चहा आला आणि गार झाला. तिसऱ्या पानावर पट्टी एका ओळीखाली थांबली.

त्या ओळीवर एकच शब्द होता: रिटर्न.

त्याच्या पुढचं सगळं, म्हणजे काकांनी प्रेमाने खाली आणलेला कंस, त्यातली सूचना, मिटणारा कंस, सगळं पट्टीखाली झाकलेलं होतं. काकांना फक्त रिटर्न दिसत होतं आणि त्यापुढे पांढरा कागद. परत दे. काय परत दे? काही नाही.

मग त्यांनी ब्राउझरमध्ये दोन छोटी फंक्शनं लिहिली. पहिल्यात रिटर्नच्या शेजारीच, त्याच ओळीवर कंस. ते चालवल्यावर सूचना परत आली. दुसऱ्यात सगळं तेच, अक्षर न अक्षर, फक्त कंस नियम पहिला प्रमाणे खालच्या ओळीवर. परत आलं अनडिफाइन्ड. म्हणजे हाती काही नाही. त्यांनी पुन्हा चालवलं. पुन्हा अनडिफाइन्ड.

माणूस सरळ होता, पण मठ्ठ नव्हता. दहा मिनिटं वाचल्यावर त्यांना सगळं कळलं. जावास्क्रिप्टमध्ये अर्धविराम द्यायचा राहिला तर ती भाषा तो पुष्कळ ठिकाणी स्वतःच घालून घेते. एरवी ती निदान एवढं तरी बघते, की पुढच्या ओळीशी जोडून वाक्याचा अर्थ लागतोय का, आणि लागत असला तर मध्ये पडत नाही. पण रिटर्नसारख्या मोजक्या शब्दांपुढे ती तेवढीही वाट बघत नाही. रिटर्नपुढे ओळ मोडली की तिथेच अर्धविराम, वाक्य संपलं, काहीही परत न देता फंक्शन बंद. खालचा कंस मग नुसताच कंस, आणि त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. इतर चाळीस फायली का शाबूत राहिल्या तेही उलगडलं. फंक्शनच्या किंवा अटीच्या पुढचा कंस खाली आणला तर या भाषेचीही हरकत नसते. आणि बाकी सगळीकडे त्या पोराने उत्तर आधी एका नावात साठवून मग रिटर्नपुढे ते नाव लिहिलं होतं. इथे तेवढा त्याने कंटाळा केला होता. वर आणखी एक दैवयोग. कंसात दोन नोंदी असत्या तर ब्राउझरने वाक्य चुकलं म्हणून बोंब मारली असती आणि ती फाइल पहिल्या मिनिटापासून चाललीच नसती. नोंद होती एकच. एका नोंदीचा सुटा कंस त्या भाषेत चालून जातो. नोंदीचं नाव ती वाक्याला लावलेलं लेबल समजते. म्हणून कुणी काही बोललं नाही. बासष्ट माणसं तेवढी पोटभर खाऊन आली.

घड्याळात पावणेतीन वाजले होते.

काकांनी पहिली गोष्ट बरोबर केली. कंस उचलून रिटर्नच्या शेजारी नेऊन ठेवला. तो तिथे लोंबताना बघून त्यांच्या जिवावर आलं, पण ठेवला. मग सवयीने खिडकी उघडली. हिरवी पट्टी म्हणाली, ‘बदल शून्य’. आणि तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की जशी ही चूक जगात कुणालाच दिसणार नाही, तशी तिची दुरुस्तीही दिसणार नाही.

“एकदा पुन्हा चढवून बघू या का?” ते मालकांच्या केबिनच्या दारातून म्हणाले. एवढंच म्हणाले.

पुन्हा चढवलं. या वेळी चाळणीने दहाच्या जागी तीस चिठ्ठ्या भराभर छापून फक्त सूचना बघितल्या. तिसांवर सूचना आल्या. ऑफिसात टाळ्या वाजल्या, केंद्राच्या बाईंना फोन गेला. आणि मालक म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं? चढवतानाच बिनसलं होतं. सोमवारी एक चिठ्ठी छापून बघितली असती, तर तिथेच कळलं असतं.” त्यांनी चाळणीकडे बघितलं. चाळणीने मान खाली घातली आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागली. काकांनी टेबलावरचे कागद उचलले, त्यांच्या कडा जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठ महिन्यांवर निवृत्ती आली होती. निरोपाच्या दिवशी ती अकरा पानं बांधून सगळ्यांना वाटायची, असं मालकांनी ठरवलं होतं. मुखपृष्ठावर पट्टीचं चित्र असणार होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि त्या कशाही पडल्या ते त्यांनी बघितलं नाही. काकूने मात्र बघितलं.

“बरं नाहीये का?” तिने विचारलं.

“बरं आहे.”

“मग काय झालं?”

काकांनी सांगितलं. अर्धविराम, रिटर्न, बासष्ट माणसं, चाळणी, सगळं. काकू पोस्टात खिडकीवर तीस वर्षं बसली होती. तिला जावास्क्रिप्ट कळत नव्हतं, पण पाकिटावर एकाचा पत्ता आणि आत दुसऱ्याचं पत्र हा प्रकार तिला चांगला कळायचा.

“म्हणजे तुम्ही आवरलंत, आणि त्या पोरीला सापडलं नाही,” ती म्हणाली.

“तसं नाही गं. तसं बघायला गेलं तर तिने तपासायला हवं होतं.”

“तपासायला आली होती ना?”

काका पाणी प्यायला उठले.

“तुम्हीच परत पाठवलंत ना तिला?”

“तिच्या आईला डॉक्टरकडे...”

“अहो, तिच्या आईला मध्ये आणू नका,” काकू म्हणाली आणि मीठ घ्यायला खिडकीपर्यंत गेली. त्या दिवशी मिठाचा डबा खिडकीतून उचलून तिने शेगडीजवळ ठेवला, आणि काकांनी तो तिथेच राहू दिला.

शुक्रवारी चारला मालकांनी चाळणीला केबिनमध्ये बोलावलं. तिच्या मागोमाग काकाही आत शिरले. हातात पट्टी आणि दोन कागद होते.

“काका, तुमचं नंतर,” मालक म्हणाले.

“माझंच आधी आहे. सोमवारची चूक माझी. मी कंस खाली आणला. काल तो परत वर नेला, म्हणून सूचना आल्या.”

मालकांचा चेहरा एकदम मऊ झाला. “काका, तुमचं मन मोठं आहे हो. पण पांघरूण घालण्यालाही मर्यादा असते.” त्यांनी पडदा काकांकडे वळवला आणि खिडकी उघडली. “हे बघा. शून्य. काल तुम्ही केलेलं म्हणताय तेही शून्य. तुमचा तुमच्याच खिडकीवर विश्वास नाही का?”

काकांची अशी कोंडी आयुष्यात झाली नव्हती. ते खोटं बोलले असते तर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. खरं बोलले, तर पुरावा त्यांनी स्वतःच नऊ वर्षांपूर्वी पुसून ठेवलेला.

त्यांनी मालकांसमोर कागद पसरले. एक सोमवारआधीचा, एक सोमवारचा. सोमवारच्या कागदावर रिटर्नखाली पट्टी ठेवली. “वाचा.”

“रिटर्न.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. तुम्ही पट्टी ठेवलीय.”

“ती भाषापण अशीच पट्टी ठेवते, सर. रिटर्नपुढे ओळ मोडली की ती स्वतःच अर्धविराम टाकते आणि निघून जाते. खाली काय आहे ते बघत नाही.” मग त्यांनी मालकांच्याच ब्राउझरमध्ये ती दोन फंक्शनं लिहून चालवून दाखवली. एकातून सूचना आली. दुसऱ्यातून अनडिफाइन्ड. मालकांनी स्वतः टाइप करून बघितलं. त्यांनाही अनडिफाइन्डच मिळालं.

“आणि तुमच्या खिडकीत हे दिसत नाही?”

“ती जुळवण्याआधी ओळतोडी काढून टाकते. जुन्या भाषेला ते चाललं. इथे ओळतोड हीच चूक आहे, आणि नेमकी तीच ती काढते.” काकांनी चाळणीकडे हात केला. “सोमवारी ही तपासायला आली होती. मी हिला सही करून जा म्हटलं.”

मालक खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे नऊ वर्षं आपण सगळे ही हिरवी पट्टी बघून निवांत झोपत होतो,” ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. “ती खिडकी आजच्या आज बंद करा. आणि नियम पहिला काढा.”

“काढतो.”

आता चाळणी आभार मानेल, असं काकांना कुठेतरी आत वाटत होतं. ती उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

“तुम्हाला हे काल कळलं होतं,” ती म्हणाली. “काल तीनला तुम्ही पुन्हा चढवून बघू म्हणालात, तेव्हाच कळलं होतं.”

“पावणेतीनला,” काका म्हणाले. त्यांना चुकीची वेळ खपत नसे.

“पावणेतीनला! आणि मी तीस चिठ्ठ्या छापल्या, सगळ्यांदेखत मान खाली घातली, घरी जाऊन आईला कसं सांगायचं ते मनात चार वेळा म्हणून बघितलं. शेवटी सांगितलंच नाही. तुम्ही कागदांच्या कडा जुळवत होतात, काका. मी बघत होते.”

काकांनी पट्टी टेबलावर ठेवली. “माझं चुकलं,” ते म्हणाले. कुठलीही मोकळी जागा न सोडता.

मालकांनी तिला कायम केलं. न तपासता सही केल्याबद्दल दोन शब्द सुनावले, तिने ते ऐकून घेतले, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी एक नवा नियम तोंडी सांगितला: इथून पुढे काकांनी मोकळी जागासुद्धा हलवली तरी चाळणीने तपासल्याशिवाय काही चढणार नाही. ती अकरा पानं बांधून वाटायचा विषय कुणी काढला नाही. त्या संध्याकाळी काकांनी आपली खिडकी आपल्याच हाताने मोडली आणि तिथे साधी, सगळं दाखवणारी खिडकी बसवली. नव्या खिडकीने जुन्या फायली जुळवायला घेतल्या तेव्हा पडदाभर लाल-हिरवं झालं. नऊ वर्षांत काकांनी सरळ केलेली प्रत्येक ओळ तिथे होती. शेजारच्या टेबलावरून एक जण म्हणाला, “काका, तुम्ही तर सगळ्यांपेक्षा जास्त काम केलंत हो.” काकांनी त्याच्याकडे बघितलं, पण तो थट्टा करतोय की नाही ते त्यांना ठरवता आलं नाही.

चाळणी पुढचा आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. काकांनी तेही रास्त मानलं.

त्यानंतरच्या सोमवारी केंद्राची फाइल पुन्हा चढायची होती. दुसऱ्या कुणी तरी त्यात एक तारीख बदलली होती. काकांनी ती उघडली. तिसऱ्या पानावर रिटर्नच्या शेजारी तो कंस लोंबत होता. त्यांनी दोन मिनिटं दुसरीकडे बघितलं. मग हात आपोआप गेला आणि एन्टर दाबलं गेलं. कंस खाली आला, रांगेत उभा राहिला, सुंदर दिसला. काकांनी लगेच तो पुसून वर नेला. नवी खिडकी उघडली. तारखेची एक ओळ सोडली तर काही नव्हतं. या वेळी ते खरं होतं.

तरी ते उठले आणि चाळणीच्या टेबलाशी गेले.

“तपासायचंय,” ते म्हणाले.

“काय बदललंत?”

“एन्टर मारला होता. मग पुसला.”

तिने त्यांच्या टेबलाशी येऊन पडद्याकडे बघितलं. वरखाली केलं, पुन्हा बघितलं. “काका, तुमचं तर इथे काहीच बदललेलं नाही.”

“हो,” काका म्हणाले. “तेच तपास.”

मग तिने खुर्ची ओढली आणि पहिली चिठ्ठी छापायला टाकली. दोन तास लागले. काका शेजारी बसून राहिले, आणि दहाव्या चिठ्ठीखाली सही करताना तिच्या कागदाचा कोपरा टेबलाबाहेर तिरका आला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.